चिकनच्या दोन क्रेट: नाशवंत मालाची खरेदी, तपासणी आणि साठवण

प्रश्न: फूड सर्व्हिस मॅनेजमेंटच्या पेपरात नाशवंत मालाच्या खरेदीच्या पद्धती, माल घेतानाच्या तपासण्या आणि साठवणुकीचं तापमान यांवर प्रश्न हमखास येतात. तिन्ही याद्या मला तोंडपाठ आहेत, तरी केस दिली की गडबडतो. ट्रेनिंगमध्ये तर चार अंशांच्या कोल्ड रूममध्ये ठेवलेलं चिकन दुसऱ्या दिवशी वासावर गेलं. चूक नेमकी कुठे होते?

उत्तर:

चूक बहुधा कोल्ड रूमच्या दाराबाहेर झालेली असते, आत गेल्यावर ती फक्त दिसते. तुमच्या तीन याद्यांमध्ये तीन वेगवेगळे धडे असल्यासारखं वाटतं, पण प्रत्यक्षात ते एकच काम आहे. किती मागवायचं हे साठवणुकीवरून ठरतं, आणि साठवणूक जमेल की नाही हे माल दारात कसा आला त्यावर अवलंबून असतं. म्हणून मी सगळ्या नाशवंत मालाची जंत्री देत बसत नाही. फक्त थंड, न गोठवलेलं चिकन घेऊ आणि ऑर्डर लिहिण्यापासून ते रॅकवर ठेवेपर्यंत त्याच्यासोबत चालू. दूध, मासे, भाज्या वाटेत जिथे वेगळ्या पडतात तिथे सांगतो.

समजा उद्या दुपारच्या जेवणात चिकनचा एक पदार्थ आहे आणि गेल्या काही आठवड्यांच्या विक्रीवरून दीडशे पोर्शन जातील असा अंदाज आहे. पाककृतीप्रमाणे एका पोर्शनला साफ केलेलं, बोनलेस, कच्चं चिकन १६० ग्रॅम लागतं. म्हणजे हाती २४ किलो हवं. विद्यार्थी इथेच थांबतात आणि २४ किलोची ऑर्डर लिहून मोकळे होतात. पण आलेल्या बोनलेस मालातूनही चरबी, कातडीचे तुकडे, शिरा निघतात. समजा तुमच्या किचनमध्ये १० किलो साफ केल्यावर ९ किलो हाती राहतं. तर २४ भागिले ०.९, म्हणजे सुमारे २६.७ किलो. स्टोअरमध्ये कालचं, अजून मुदतीतलं ४ किलो आहे. ते वजा केलं की २२.७ उरतं. पुरवठादार २ किलोच्या पाकिटांत माल देतो, म्हणून १२ पाकिटं, २४ किलो. एका क्रेटमध्ये ६ पाकिटं, अशा दोन क्रेट.

आता उलटं तपासून पाहा. २४ आणि ४ मिळून २८ किलो, साफ करून २५.२ किलो, म्हणजे १५७ पोर्शन. सात पोर्शनची सवड राहिली. नाशवंत मालात एवढी सवड पुरे. "कमी पडायला नको" म्हणून तिसरी क्रेट मागवणारा माणूस उद्याची कमतरता टाळत नाही, परवाची नासाडी विकत घेतो. कच्चं थंड चिकन साधारण एक-दोन दिवसांचंच गिऱ्हाईक आहे. पाकिटावर त्याहून लांबची तारीख असली, तरी ती तारीख पाकीट बंद असेपर्यंत आणि साखळी थंड राहिली असेल तरच खरी.

यातला ०.९ हा आकडा पुस्तकातून उचलू नका. एकदा स्वतः १० किलो साफ करून वजन करा आणि लिहून ठेवा. माल किंवा पुरवठादार बदलला की पुन्हा करा.

खरेदीच्या पद्धतीकडे येऊ. पेपरात सहा-सात पद्धती लिहाव्या लागतात, पण नाशवंत मालासाठी खऱ्या अर्थाने दोनच कामाला येतात आणि त्यांच्यामागे एक करार असतो. पहिली म्हणजे रोजच्या कोटेशनची पद्धत, जिला मार्केट लिस्ट म्हणतात. छापील यादीत एका बाजूला माल, मग हाताशी असलेला साठा, मग लागणारं प्रमाण आणि पुढे दोन-तीन पुरवठादारांचे त्या दिवशीचे दर. चिकन, मासे, भाज्या यांचा भाव आणि प्रत रोज हलते, म्हणून ही पद्धत त्यांना शोभते. दुसरी स्टँडिंग ऑर्डर. दूध, ब्रेड, अंडी यांची खपत रोज जवळपास सारखी असते, मग रोज फोन कशाला? तिचेही दोन प्रकार आहेत आणि परीक्षेत त्यांतला फरक कुणी लिहीत नाही. एकात रोज ठरलेलं प्रमाण येतं, समजा ४० लिटर. दुसऱ्यात पातळी ठरलेली असते, माणूस येऊन साठा मोजतो आणि ४० ला जितके कमी तितकेच लिटर ठेवून जातो. पहिल्या प्रकारात सुट्टीच्या आठवड्यात दूध साचतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ऑर्डर कुणी दिलेलीच नसते. म्हणून शक्य असेल तिथे दुसरा प्रकार बरा. मात्र साठा पुरवठादाराच्या माणसाने एकट्याने मोजायचा नाही.

आठवड्याची किंवा पंधरवड्याची खरेदी कोरड्या किराण्यासाठी. घाऊक बाजारात रोख देऊन स्वतः उचलणं लहान किचनला परवडतं, पण मग माल किचनपर्यंत थंड आणण्याची जबाबदारीही तुमचीच होते. उघड्या टेम्पोत चिकनचे क्रेट आणून वाचवलेले पैसे मला तरी कधी वाचलेले दिसले नाहीत. वर्षाचा करार चिकनमध्ये दरापेक्षा प्रतीसाठी करा. दर बाजाराप्रमाणे हलू दे, पण माल कसा असावा, किती वाजता यावा आणि किती अंशांना यावा हे त्यात पक्कं हवं.

या पक्क्या लिखाणालाच पर्चेस स्पेसिफिकेशन म्हणतात. विद्यार्थी त्यात "उत्तम दर्जाचं, ताजं चिकन" असं लिहितात. त्यावरून कुठलाही माल परत करता येत नाही. आमच्याकडच्या कागदावर साधारण असं असतं: बोनलेस, कातडीविना, मांडीचा भाग, थंड, पूर्वी न गोठवलेलं, २ किलोचं सीलबंद पाकीट, वजन पाणी निथळून मोजलं जाईल, पॅकिंगची आणि वापराची तारीख प्रत्येक पाकिटावर, पोहोचताना पाकिटांमधलं तापमान ५ अंशांपर्यंत, डिलिव्हरी सकाळी ७ ते ८. यातली प्रत्येक ओळ दारात उभं राहून काट्याने, थर्मामीटरने, घड्याळाने किंवा डोळ्याने तपासता येते. जी ओळ तपासता येत नाही ती कागदावर असून उपयोग नाही.

स्पेसिफिकेशन एकच असेल तेव्हाच दोन दरांची तुलना करता येते. समजा पहिल्याचा दर किलोला १०० आहे आणि त्याच्या मालातून नव्वद टक्के हाती लागतं. दुसरा ९४ सांगतो, पण त्याचा माल ओला आणि चरबीचा, ऐंशी टक्केच हाती लागतं. वापरण्याजोग्या किलोला पहिला १११ ला पडतो आणि दुसरा सुमारे साडेसहाने महाग, म्हणजे ११७.५० ला. कोटेशनच्या तक्त्यात एवढा एक जास्तीचा रकाना काढून दाखवला, तर परीक्षकाला कळतं की हा मुलगा काट्याजवळ उभा राहिलेला आहे.

आता सकाळचे सव्वासात. गाडी आली.

माल घेण्याच्या कट्ट्यावर काय काय असावं? काटा, प्रोब थर्मामीटर, प्रोब पुसायला अल्कोहोलचे वाइप्स, ऑर्डरची प्रत, स्पेसिफिकेशन आणि कोल्ड रूममध्ये आधीच मोकळी केलेली जागा. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. माल उतरवल्यावर जागा करायला घेतली, की क्रेट अर्धा तास पॅसेजमध्ये बसतात. एकाच गाडीत सगळं आलं असेल तर आधी थंड माल, मग गोठवलेला, मग किराणा. गोठवलेल्या मालाजवळ थोडी सवड असते, थंड मालाजवळ नसते.

पहिली नजर गाडीवर. आत वास येतोय का, कच्च्या चिकनशेजारी भाज्या उघड्या पडल्यात का, गाडीचं थंडीचं यंत्र चालू आहे का. मग क्रेट. आणि इथे मी माझी एक जुनी फजिती सांगतो, कारण तुमच्या ट्रेनिंगमधल्या चिकनचं बहुधा हेच झालं असणार.

मी तेव्हा एका मोठ्या कँटीनचं स्टोअर बघायचो. आमच्याकडे नुकतीच ती पिस्तुलासारखी इन्फ्रारेड थर्मामीटरं आली होती, सगळ्यांना त्यांचं फार कौतुक. माल उतरवणाऱ्या मुलाने क्रेटच्या वरच्या पाकिटावर नेम धरला, ३.५ आलं, त्याने लिहिलं, मी सही केली. क्रेट जशाच्या तशा कोल्ड रूममध्ये एकावर एक गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वरची पाकिटं छान होती. मधली उघडली तर मांस बोटाला चिकटत होतं आणि आंबूस वास. ताबडतोब प्रोब लावला. कोल्ड रूम ४ दाखवत होती आणि मधल्या दोन पाकिटांच्या बेचक्यात अजूनही ७ च्या वर. नंतर त्या पुरवठादाराच्याच माणसाने बोलता बोलता सांगितलं की ड्रायव्हर डिझेल वाचवायला वाटेत यंत्र बंद ठेवायचा आणि आमच्या वळणाच्या आधी चालू करायचा. शेवटच्या अर्ध्या तासात वरचं प्लास्टिक थंड झालं होतं, एवढंच.

इन्फ्रारेडचं पिस्तूल फक्त पृष्ठभाग वाचतं. उलटंही होतं. गाडीचं दार उघडं राहिलं तर वरचं पाकीट ७ दाखवतं आणि आतला माल व्यवस्थित ३ ला असतो. अशा वेळी पिस्तुलावर विश्वास ठेवला तर चांगला माल परत जातो. म्हणून निर्णय प्रोबवर. क्रेटच्या मधल्या थरातली दोन पाकिटं एकमेकांवर दाबून धरायची, प्रोबची काडी त्यांच्या मधोमध सरकवायची आणि आकडा थांबेपर्यंत थांबायचं. पाकीट भोसकायचं नाही. प्रत्येक क्रेटमधून एक वाचन, त्यातलं एक तरी गाडीच्या दाराजवळच्या क्रेटचं, कारण दार प्रत्येक थांब्यावर उघडतं. दोन वाचनांमध्ये काडी पुसायची.

प्रोब स्वतः खरं बोलतो का, हेही बघावं लागतं. पेल्यात बारीक फोडलेला बर्फ गच्च भरायचा, फटी भरतील इतकंच पाणी घालायचं, ढवळायचं आणि काडी मधोमध धरायची, तळाला टेकवायची नाही. आकडा शून्यावर, फार तर अर्धा-एक अंश इकडेतिकडे, थांबला पाहिजे. दोन दाखवत असेल तर तो प्रोब दुरुस्तीला. आठवड्यातून एकदा आणि प्रोब हातातून पडला की लगेच, हे करायला पाच मिनिटं लागत नाहीत.

प्रोबने ५ किंवा कमी दाखवलं तर पुढे चला. ८ च्या वर असेल तर परत, चर्चा नाही. ५ ते ८ च्या मधल्या पट्ट्यासाठी नियम आधीच लिहिलेला हवा, कारण सकाळी सव्वासातला ड्रायव्हर घाईत असतो, शेफला चिकन हवं असतं आणि कट्ट्यावरचा माणूस या दोघांच्या मध्ये सापडतो. आमचा नियम असा होता की सगळी वाचनं ७ च्या आत असतील, गाडीचं यंत्र चालू असेल आणि माल त्याच दिवशी शिजणार असेल तरच घ्यायचा, तोही शेरा मारून. उद्यासाठीचा असेल तर नाही. तुमच्याकडच्या कायद्याची मर्यादा याहून कडक असेल तर तीच पाळायची. माल नाकारण्याचा अधिकार कट्ट्यावरच्या माणसाला हवा, खरेदी करणाऱ्याला नको. ज्याने भाव ठरवला त्याला आपला पुरवठादार चुकीचा निघालेला आवडत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे.

तापमानानंतर वजन. क्रेटसकट वजन करून क्रेटचं वजन वजा करणं सगळ्यांना माहीत असतं. पण चिकनमध्ये खरी गंमत पाण्याची असते. एक पाकीट उघडा, चाळणीत निथळा, पुन्हा तोला. थोडं पाणी सुटणारच, मांसाचा तो स्वभाव आहे. पण २ किलोचं पाकीट निथळून १.८६ भरलं, तर पाकिटामागे १४० ग्रॅम गेले, बारा पाकिटांत जवळपास १.७ किलो. साफ केल्यावरच्या हिशेबाने ते साडेनऊ पोर्शन होतात. तुमची सात पोर्शनची सवड तिथेच संपली आणि वर दोन पोर्शन कमी पडले. "वजन निथळून" ही ओळ स्पेसिफिकेशनमध्ये का हवी, ते इथे कळतं. पाकिटाच्या तळाला नेहमीपेक्षा जास्त लालसर पाणी असेल, तर माल एकदा गोठवून वितळवलेला असण्याचीही शंका घ्यावी.

उघडलेल्या पाकिटाचा वास, रंग, स्पर्श तिथेच बघून घ्या. चिकटपणा, राखाडी-हिरवट छटा, आंबूस वास यांतलं एक जरी असलं तरी बस. सीलबंद पाकीट उघडल्यावर पहिल्या क्षणी थोडा कोंदट वास येतो, तो दोन-चार मिनिटांत उडतो. उडाला नाही तर परत. फुगलेलं किंवा सील सुटलेलं पाकीट उघडायच्या फंदात पडूच नका. आणि हे लक्षात असू द्या की वास, रंग ठीक असणं म्हणजे माल सुरक्षित असणं नव्हे. माणसाला आजारी पाडणारे जंतू बऱ्याचदा ना वास देतात ना रंग बदलतात. म्हणूनच तापमान आधी, नाक नंतर.

माशांच्या बाबतीत ही गोष्ट आणखी तीव्र होते. डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, मांस दाबलं की वर येतं, हे सगळं बघायचंच. पण बांगडा, टूना यांसारख्या माशांत गरमीत राहिल्यावर हिस्टामाइन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही. तो मासा बर्फात आलेला नसेल तर दिसायला कितीही ताजा असो, घ्यायचा नाही. गोठवलेल्या मालात खोक्याच्या तळाशी जमलेला बर्फाचा पत्रा, एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेले तुकडे, ओलं होऊन वाळलेलं खोकं, या खुणा बघा. तो माल वाटेत वितळून पुन्हा गोठलेला आहे. आज उणे १८ दाखवतो म्हणून कालचं वितळणं पुसलं जात नाही.

सगळं पाहून झाल्यावर कागद. समजा बारातली दोन पाकिटं फुगलेली निघाली. ती तिथेच ड्रायव्हरकडे द्यायची, चलनाच्या दोन्ही प्रतींवर "१० पाकिटं घेतली, २ परत, फुगलेली" असं लिहून दोघांच्या सह्या, आणि त्यावरून क्रेडिट नोट. "पुढच्या गाडीला परत पाठवू" म्हणून ती कोल्ड रूममध्ये ठेवली, तर रात्रीच्या पाळीतला कुणीतरी ती वापरतो. कधीकधी परीक्षेत ब्लाइंड रिसीव्हिंगबद्दल विचारतात. त्यात कट्ट्यावरच्या माणसाच्या कागदावर प्रमाण छापलेलंच नसतं, त्याला मोजून, तोलून लिहावंच लागतं. चोख पद्धत आहे, पण वेळ खाते आणि थंड माल तेवढा वेळ उन्हाकडे तोंड करून बसतो. मी ती किराण्याला वापरीन, चिकनला नाही.

आता साठवण, आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं राहिलेलं उत्तर. चार अंशांच्या खोलीत ठेवलं तर चिकन थंड का झालं नाही?

कारण कोल्ड रूम थंड माल थंड राखण्यासाठी बांधलेली असते. गरम झालेला माल खाली आणणं तिचं काम नाही. मांस उष्णता फार सावकाश सोडतं. आतली उष्णता थराथराने बाहेर यावी लागते, आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट. एकटं पाकीट, साधारण पाच सेंटिमीटर जाडीचं, रॅकवर सुटं ठेवलं तर काही तासांत खोलीच्या जवळपास येतं. सहा पाकिटं क्रेटमध्ये गच्च रचली की तो पंचवीस-तीस सेंटिमीटर जाडीचा एकच ठोकळा होतो. त्याच्या मध्याला दहा अंशांवरून पाचाखाली यायला सहज अर्धा दिवस लागतो, वर दुसरी क्रेट ठेवली तर आणखी जास्त. तेवढा वेळ मधलं चिकन जंतूंना मानवणाऱ्या तापमानात बसून राहतं. खोलीचा थर्मामीटर मात्र प्रामाणिकपणे ४ दाखवत असतो, कारण तो हवेचं तापमान सांगतो.

म्हणून क्रेटमधून पाकिटं काढा. जाळीच्या रॅकवर, एका थरात, मध्ये बोटभर फट ठेवून, खाली ट्रे. क्रेट बाहेरच राहू द्या, तिच्या बुडाला लागलेली घाण आत यायला नको. भिंतीपासून आणि थंड हवा फेकणाऱ्या पंख्यापासून अंतर ठेवा. पंख्यासमोर खोक्यांची भिंत उभी केली की खोलीचा अर्धा भाग थंड आणि अर्धा कोमट राहतो, आणि थर्मामीटर नेमका पंख्याखाली लावलेला असतो. तो दाराजवळ, सर्वात गरम जागी लावा. आठवड्यातून एकदा सकाळी मधल्या रॅकवरच्या दोन पाकिटांच्या मध्ये प्रोब धरून मालाचं तापमानही बघा.

चिकन सर्वात खालच्या रॅकवर. त्याच्या वर इतर कच्चं मांस, त्यावर मासे, आणि शिजवलेलं किंवा तसंच खायचं ते सर्वात वर. हा क्रम शिजवताना कोणाला किती तापमान लागतं त्यावरून आहे. चिकनला सर्वात जास्त लागतं, म्हणून त्याचं पाणी खाली दुसऱ्या कशावर ठिबकता कामा नये. माशांसाठी जमलं तर वेगळा कप्पा, ० ते २ अंश, छिद्रं असलेल्या ट्रेमध्ये बर्फावर, म्हणजे वितळलेलं पाणी खाली निघून जातं. मासा पाण्यात बुडत नाही.

भाज्यांना हे सगळं जसंच्या तसं लावू नका. पालेभाज्यांना शून्याजवळची थंडी आणि भरपूर ओलावा हवा. काकडी, वांगी, टोमॅटो यांना तीच थंडी इजा करते, त्यांना दहा अंशांच्या वर जास्त बरं. बटाटे अंधारात, थंड पण फ्रिजबाहेर. कांदे कोरड्या, वाऱ्याच्या जागी आणि बटाट्यांपासून लांब. पिकलेली केळी आणि सफरचंदं इथिलीन सोडतात, त्यांच्या शेजारी ठेवलेला पाला लवकर पिवळा पडतो. छोट्या किचनमध्ये एकच कोल्ड रूम असते, तिथे मांसाचं तापमान ठरवतं आणि भाज्या रोजच्या रोज, थोड्या आणाव्या लागतात. खरेदीची पद्धत साठवणुकीवरून ठरते ती अशी.

प्रत्येक पाकिटावर आल्याची तारीख आणि वेळ लिहा. "आधी आलं ते आधी वापरा" हा नियम किराण्याला पुरतो, नाशवंत मालाला "आधी मुदत संपेल ते आधी" हवा. आज आलेल्या पाकिटाची तारीख कालच्या पाकिटाच्या आधीची निघणं अजिबात दुर्मीळ नाही. आपल्या उदाहरणातलं कालचं ४ किलो पुढे, पण तेही तारीख वाचून. आणि उरलेलं चिकन शेवटच्या दिवशी संध्याकाळी डीप फ्रीजरमध्ये टाकणं ही सुटका नव्हे. गोठवल्याने जंतूंची वाढ थांबते, आधी झालेली वाढ तशीच राहते. फ्रीजरमध्ये टाकायचंच असेल तर पहिल्या दिवशी ठरवा. पाकिटं पातळ पसरवून गोठवा आणि वापरायच्या आदल्या दिवशी कोल्ड रूममध्येच वितळवा.

केसच्या उत्तरात शेवटी आणखी एक गोष्ट लिहा, जी मी त्या फजितीनंतर शिकलो. कट्ट्यावरच्या नोंदी फाइलला लावून ठेवू नका, दोन आठवड्यांनी एकत्र वाचा. आमच्या नोंदींत दिसलं की माल सात ते साडेसातमध्ये आला तर वाचनं ३ ते ४ च्या आसपास असायची, पावणेआठनंतर आला तर पाचाला टेकलेली. गाडी वाटेत आणखी थांबे घेत होती आणि दार उघडत होतं. दर तोच ठेवून आम्ही पुरवठादाराकडे एवढंच मागितलं की आमचा थांबा पहिला करा. पुढच्या स्पेसिफिकेशनमध्ये "सकाळी ७ ते ८" खोडून "सकाळी ७ ते ७.३०" लिहिलं आणि पाचाच्या जवळची वाचनं बंद झाली.